टिटवी म्हणते काय?

रात्रपाळी करून आलेली बाई झोपायचं सोडून रविवारी पोरांना गोष्ट सांगायला जाते, याचं कारेगावात कुणाला कौतुक नव्हतं. अनितालाही उरलं नव्हतं. रांजणगावच्या कंपनीत रात्रभर उभ्यानं खोकी भरायची, सकाळी घरी येऊन भाकऱ्या थापायच्या आणि अकराला विहाराच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरायची. पाय दगडासारखे झाले होते.

त्यात हॉलची किल्ली सांभाळणारे मच्छिंद्रमामा आदल्या रविवारी म्हणाले होते, "अनिता, पोरं जांभया देत्यात गं. ट्यूशनवाला हॉल मागतोय. पुढच्या रविवारी बघतो आन् काय ते सांगतो."

एक मन म्हणालं, सुटले. दुसरं मात्र आठवडाभर खोकी भरता भरता गोष्टच घोळवत राहिलं.

गोष्ट निमोण्याच्या सारजाआत्यानं लहानपणी सांगितलेली. टिटवी उघड्या रानात, ढेकळांत अंडी घालते. आधी शेळी येते, मग गाय, मग नांगर. प्रत्येकाला टिटवी ओरडून अडवते. अनितानं तिचं गाणं केलं होतं, पण धृपद लिहिलं होतं चार ओळींचं. पोरांना ते पेलेना. निम्मी घरं बिहारची, तिथली पोरं नुसते ओठ हलवायची. मग तिनं कापून कापून दोनच ओळी ठेवल्या. एका श्वासात मावतील, टाळीवर बसतील अशा. आणि पोरांना आपण कधी सुरू करायचं ते कळावं म्हणून प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच प्रश्न ठेवला.

त्या दिवशी तिनं आधी नुसतं धृपदच म्हणून घेतलं. मग सुरुवात केली:

*माळावरच्या ढेकळांत अंडी ठेवली चार,*
*वरनं आली शेळी, टाकीत टकटक पाय;*
*टिटवी म्हणते काय?*

पोरांनी टाळ्यांवर उत्तर दिलं:

*टिटीव टिव, टिटीव टिव,*
*जपून चाल, खाली जीव!*

बसलं! बिहारचा सुमितसुद्धा ओरडत होता. पण तेवढ्यात अनिताच्या डोळ्यांवर झापड आली आणि पुढचं कडवं साफ पुसलं गेलं. तिनं हात वर केला. "पुन्हा!" पोरांनी पुन्हा म्हटलं. "आता हळू!" पोरं हळू म्हणाली. तोवर तिला श्वास मिळाला, ओळ सापडली:

*नांगर आला करकर करत, थांबत कुठं न्हाय,*
*फाळ म्हणे, मी लोखंडाचा, मला कान न्हाय;*
*टिटवी म्हणते काय?*

धृपदाऐवजी पहिल्या रांगेतली पूनम उभी राहिली. "ताई, गाय राहिली! तुम्ही मागच्या वेळी सांगितली होती."

खरंच होतं. शेळीपेक्षा गाय जड, गाईपेक्षा नांगर. भीती पायरीपायरीनं चढायला हवी. नांगरानंतर गाईला कोण भिणार? अनितानं दोन्ही हात पुढं करून नांगर धरल्यासारखं केलं. "हो हो, थांब रे! आधी गाय जाऊ दे."

पोरं खो खो हसली.

*शेळी सरली बाजूला, बांधावरनं जाय,*
*मागनं आली डुलत डुलत आनंदरावांची गाय;*
*टिटवी म्हणते काय?*

मग नांगर पुन्हा आला. फाळाला कान नाहीत म्हटल्यावर पोरांनी असं काही धृपद हाणलं, की पंख्याची जाळीसुद्धा थरथरली. अनितानं आवाज खाली आणला:

*फाळाला ते कळलं न्हाई, बैलाला कळलं हाय,*
*खुराशी अंड्यात पिल्लू हललं, उचलला न्हाई पाय;*
*टिटवी म्हणते काय?*

तिनं ओठांवर बोट ठेवलं. शब्द तेच, पण पोरं आता कुजबुजत म्हणाली. मघाशी ती धमकी होती, आता पिल्लांची अंगाई झाली.

मच्छिंद्रमामा कधीचे दारात उभे होते. चपला काढून ते पोरांमधून वाट काढत निघाले, तशी सतरंजीवरून सुमित खणखणीत ओरडला, "जपून चाल, खाली जीव!"

मामांचा पाय अधांतरीच राहिला. "अरं, मी काय नांगर हाय व्हय?"

"बैल!" पूनम म्हणाली. हॉलभर हशा पिकला. मामाही हसले, पण पाय जपूनच टेकवत पुढं आले.

"बरं," ते अनिताला म्हणाले, "ट्यूशनवाल्याला सकाळी आठला देतो. अकरा तुझे. मात्र खंड पडता कामा न्हाई."

"बरं, मामा."

तिला आनंद झाला होता. त्याहून जास्त दमल्यासारखं वाटत होतं. पुढच्या रविवारीही रात्रपाळीच होती, आणि नवी गोष्ट अजून सुचायची होती. पोरं दारातून धूम पळाली. अनिता सतरंजीची घडी घालायला वाकली, आणि वाकल्यावर जरा वेळ तशीच खाली बसून राहिली.