कात्रीबाईंची पाच सेकंदं

सबटायटलच्या कचेरीत मी नोकरीला लागलो तेव्हा सहाशे पानांची एक अर्धवट कादंबरी माझ्या नावावर होती आणि त्या अर्ध्या भागात नायक अजून अंथरुणातून उठलेला नव्हता. माझी बायको म्हणते, मी ‘पाणी दे’ हेसुद्धा प्रस्तावनेसह मागतो. अशा माणसाला, दुसऱ्या भाषेतले संवाद मराठीत आणून पडद्याच्या तळाशी दोन ओळींत बसवायला कोणी ठेवलं असेल, हे मला आजही कळलेलं नाही. बहुधा माझा अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचला नसावा.

काम तपासायला कात्रीबाई होत्या. हे नाव त्यांना कोणी दिलं माहीत नाही, पण तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’च म्हणत. वय साठीच्या अलीकडे, केस आखूड, चष्मा दोरीला लटकवलेला. खिडकीजवळच्या टेबलावर त्या आवाज बंद करून सिनेमा लावत, ओठ हलवत सबटायटल वाचत, आणि वाचून संपलं की हातातली पेन्सिल उचलत. ओळ पडद्यावरून गेल्यावर पेन्सिल उचलली गेली तर ती ओळ नापास. एरवी त्यांचं बोलणं तारेतल्या मजकुरासारखं मोजकं, पण जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला की तासभर चऱ्हाट चालायचं. कापलेले सगळे शब्द त्या बहिणीसाठी साठवून ठेवतात, असा माझा कयास होता.

नियम त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले. एका ओळीत फार तर बेचाळीस अक्षरं, एका वेळी दोन ओळी, आणि एका सेकंदाला पंधरापेक्षा जास्त अक्षरं नाहीत. आमचं मशीन काना, मात्रा, अनुस्वार, मधली मोकळी जागा, सगळं वेगळं मोजायचं. मर्यादा ओलांडली की ओळ लाल व्हायची. माझा पहिला सिनेमा मी भाषांतर करून उघडला तेव्हा पडदाभर पुरळ उठल्यासारखं दिसत होतं.

मी लालाचं हिरवं करायला शिकलो, म्हणजे तसा माझा समज झाला. एका प्रसंगात बायको नवऱ्याला विचारते, ‘परत येशील ना?’ तो गप्प राहतो आणि मग म्हणतो, ‘नाही.’ दोन तुकडे कशाला करायचे म्हणून मी प्रश्न आणि उत्तर एकाच सबटायटलमध्ये, एकाखाली एक लावलं. मशीन खूश, सगळं हिरवंगार. बाईंनी तो प्रसंग लावला, नटाच्या बंद ओठांवर पेन्सिल टेकवली आणि मला म्हणाल्या, “हा अजून विचार करतोय. तुम्ही त्याचं उत्तर आधीच फोडलंत.” त्या दिवशी मी शेपूट घालून जागेवर गेलो आणि अख्खा सिनेमा पुन्हा केला. नटाच्या गप्प बसण्यालाही जागा द्यायची असते, हे मला माझ्या कादंबरीच्या नायकाने कधी शिकवलं नव्हतं. तो झोपलेलाच असायचा.

आता मुद्द्यावर येतो. (बाईंनी हे वाक्य कापलं असतं.)

वर्षभराने एक मोठा सिनेमा पूर्णपणे माझ्या हाती आला. सायकल दुरुस्त करणारा बाप आणि त्याचा मुलगा. मुलाला ते दुकान नको, दोघांचं सिनेमाभर वाजतं, आणि शेवटी मुलगा बसमध्ये बसून निघून जातो. सबटायटल करणाऱ्याचं नाव शेवटच्या संवादानंतर चित्रावर येतं, ‘मराठी भाषांतर’ असं म्हणून. ते कमीत कमी दोन सेकंद तरी दिसलं पाहिजे, असा कचेरीचा नियम. शिवाय रविवारी सकाळी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक खास खेळ होता.

मी घरी, सासरी, मामाकडे, सगळीकडे सांगून टाकलं. खरं तर सांगायचं एकाच माणसाला होतं. माझे बाबा गोदामात वजनं लिहून घ्यायचे, तीस वर्षं. चांगली पक्की नोकरी सोडून मी ‘सिनेमाखाली लिहायला’ लागलो तेव्हापासून ते माझ्याशी गरजेपुरतंच बोलत. हे काम म्हणजे काय, ते त्यांना समजत नव्हतं, आणि मी समजावायला लागलो की ते वर्तमानपत्र उघडत. पडद्यावर नाव दिसलं असतं तर समजावायची गरज उरली नसती. आडनाव तर त्यांचंच होतं. आईने फोनवर सांगितलं, बाबा येतो म्हणालेत. मला रात्रभर शिंगं फुटल्यासारखं वाटत होतं.

सिनेमातला शेवटचा संवाद मी आधी असा केला होता:

वेळेवर जेवत जा. रागाने गेलास तरी चालेल,
पण परत ये. तुझी चावी तुझ्याकडेच ठेव.

पहिली ओळ एकोणचाळीस, दुसरी छत्तीस. बेरीज पंचाहत्तर, म्हणजे वाचायला पाच सेकंदं. तो म्हातारा हे सगळं बसच्या खिडकीशी साडेतीन सेकंदांत भडाभडा बोलून टाकतो. मग अडीच सेकंद फक्त खिडकी दिसते, आणि त्यानंतर काळा पडदा आणि मूळ सिनेमावाल्यांची नामावली. तिच्यावर आपलं काही चढवायचं नाही. थोडक्यात, माझ्याकडे एकूण सहा सेकंदं. पाच म्हाताऱ्याला दिली की मला उरतं एक. एका सेकंदात माझं नाव लागणार नव्हतं.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, हे मी विचारत नाही, कारण मी काय केलं ते सांगायची लाज पुरेशी आहे. मी ओळ कापली. ‘वेळेवर जेवत जा आणि परत ये. तुझी चावी तुझ्याकडेच ठेव.’ एक्कावन्न अक्षरं, साडेतीन सेकंदांच्या आत. ओळ बोलण्याबरोबर संपली आणि माझं नाव जवळजवळ अडीच सेकंद एकट्याने पडद्यावर बसलं. वर्षभर ज्याला शब्द कापता येत नाही म्हणून सगळे हसत होते, त्याला पहिल्यांदाच सफाईने कापता आलं. कात्रीबाईसुद्धा वाखाणतील, असं मला मनापासून वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी शेवटचा भाग लावला. पेन्सिल वेळेत उचलली गेली. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावला, या वेळी आवाज सुरू करून. मग मूळ संवादाचा कागद ओढून घेतला.

“रागाचं कुठे गेलं?”

मी म्हटलं, बसत नव्हतं. त्या म्हणाल्या की साडेतीन सेकंदांत नसेल बसत. पण खिडकीवरचं चित्र बदलत नाही, तेव्हा बोलणं संपल्यावर ओळ आणखी दीड सेकंद राहिली तर काही बिघडत नाही. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मग त्यांना खाली माझं नाव दिसलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी घाईघाईने तडजोडी सुचवायला लागलो. जेवणाचं काढू या? त्या म्हणाल्या, बाप आधी जेवणाचंच बोलणार. चावी काढू या? ती आधीच्या दृश्यात मुलाने टेबलावर ठेवलेली दिसते आणि बापाने ती आणून दिलेली आहे. मी आळीपाळीने म्हाताऱ्याची सगळी वाक्यं काढून बघितली, फक्त माझं नाव काढून बघितलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. तेव्हाच मला कळलं की या कामाआधी बारा वर्षं त्या एका वर्तमानपत्राच्या खिडकीवर बसत, निधनाच्या छोट्या बातम्या घ्यायला. जागा चार ओळींची. लोक दोन पानं लिहून आणत आणि त्यांच्यासमोर बसून बाई ती कापत.

“‘प्रेमळ’ सोडायचे, ‘मनमिळाऊ’ सोडायचे, हुद्दासुद्धा सोडायचे,” त्या म्हणाल्या. “एक बाई फक्त ‘आमचं भांडण मिटलं होतं’ एवढं सोडेना. मी म्हटलं, याला जागा नाही. ती म्हणाली, मग माझं नाव काढा खालचं.”

“काढलंत?”

“काढलं. तिचं तिने सांगितलं होतं. तुमचं मी काढणार नाही. तुम्ही ठरवा.”

आणि त्या बहिणीला फोन करायला निघून गेल्या. सुट्टीची वेळ नसताना. मला एकट्याला सोडायचं म्हणून गेल्या असाव्यात.

मी बसून राहिलो. बायकोला फोन करून विचारणार होतो, पण तिने काय म्हटलं असतं ते ठाऊक होतं. बाबांचा पहिल्या रांगेतला चेहरा दिसत होता, आणि त्यांच्यासमोर रिकामा पडदा. मला रडू आलं, हे सांगून टाकतो. चौतिसाव्या वर्षी, दोन सेकंदांसाठी. मग मी पुरी पंचाहत्तर अक्षरं परत ठेवली आणि नाव पुसलं. मशीनने ओळ हिरवी केली. त्याला काय, ते आधीच्या ओळीलाही हिरवंच म्हणालं होतं.

रविवारी आमची नऊ माणसं आली. कोणाला काही सांगायचं धाडस झालं नाही. मी बाबांच्या शेजारी बसलो आणि सिनेमा न बघता त्यांचे ओठ बघत होतो. ते बाईंसारखेच ओठ हलवून वाचतात, पण बरेच सावकाश. मधे मधे ते चित्राकडे बघायचे, तेवढ्यात ओळ जायची आणि त्यांचे ओठ अर्ध्या शब्दावर थांबायचे.  त्या सगळ्या ओळी मी काठोकाठ भरल्या होत्या, सेकंदाला पंधरा म्हणजे पंधरा, एकही शब्द वाया जाऊ नये म्हणून. नियमात बसत होतं. बाबांच्या डोळ्यांत बसत नव्हतं.

शेवटी बस आली. म्हातारा बोलायला लागला, आणि ओळी आल्या. बाबांचे ओठ हलत होते. म्हातारा गप्प झाला तरी ओळी तिथेच होत्या, आणि खिडकीवरचं चित्र बदलत नसल्यामुळे बाबांना वर बघावं लागत नव्हतं. ‘तुझ्याकडेच’पाशी ते थोडे अडखळले, मग पुढे गेले. ‘ठेव’ म्हणून त्यांचे ओठ मिटले आणि ओळी गेल्या. उरलेलं एक सेकंद मोकळी खिडकी. मग काळा पडदा.

मामा मोठ्याने म्हणाला, नाव कुठे आलं? सासूबाईंनी त्याला गप्प केलं, म्हणजे त्यांनाही तेच विचारायचं होतं. मी नामावलीकडे बघत बसलो, जणू तिथे कुठे तरी चुकून सापडेल.

बाहेर पायऱ्यांवर बाबा माझ्याजवळ आले. मी तोंड उघडलं. बेचाळीस अक्षरं, पंचाहत्तर, सहा सेकंदं, सगळी प्रस्तावना तयार होती.

“शेवटचं तू लिहिलंस?”

“सगळंच मी लिहिलंय, बाबा. नाव नाही बसलं.”

“बाकीचं पळत होतं,” ते म्हणाले. “शेवटचं थांबलं. पुरं वाचून झालं माझं.”

त्यांनी एवढंच सांगितलं आणि माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरायला लागले, त्यांचा गुडघा दुखतो म्हणून. मी ही नोकरी धरल्यापासून त्यांनी माझा आधार घेतला नव्हता. मला त्यावर खूप काही बोलायचं होतं. मी नुसतं ‘हळू’ म्हटलं.