खोडलेला x

विरारच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीसाठी मला डेमो लेक्चर द्यायचं होतं. सकाळी वटारच्या घरून निघताना आईने कपाळावर क्रुसाची खूण केली, तरी फळ्यासमोर खडू घामाने ओला झालाच.

x² + y² = 1 या अटीवर x² + 2y² ची सर्वांत मोठी किंमत काढायची होती, λ या गुणकाच्या पद्धतीने. पहिलं समीकरण आलं 2x = 2λx. मी दोन्हीकडचा x खोडला. λ एक आला, मग दुसऱ्या समीकरणातून y शून्य, आणि मी उत्तर लिहिलं: एक.

शेवटच्या बाकावरून विभागप्रमुख बाईंनी शांतपणे विचारलं, “x शून्य असला तर, मॅडम?”

x खोडणं म्हणजे x ने भागणं, आणि शून्याने भागता येत नाही. x शून्य धरला की y² एक होतो आणि किंमत येते दोन. सगळ्यात उंच जागा मी स्वतःच्या हाताने खोडून टाकली होती.

नोकरी कशी मिळाली, देव जाणे. आता त्या बाकावर मी बसते. नव्या उमेदवाराचा खडू x खोडायला वळला की माझेच तळवे ओले होतात, आणि तो प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही.