पाच ओळींची शिफारस

वारा रात्रभर माणदेशाकडून आला होता आणि सकाळी सहालाही त्याचा पाय निघत नव्हता. परसातल्या बोरीवरची पाखरं अंग फुगवून उन्हाची वाट बघत होती. हरिबा गोरड कानाला मफलर गुंडाळून उकिडवा बसला होता आणि गवताचे कागद बदलत होता.

दोन लाकडी जाळ्या, त्यांच्यामध्ये जुन्या वर्तमानपत्रांची चळत, आणि दर घडीत गवताची एक काडी, मुळासकट, तुऱ्यासकट. वरून दोरीनं आवळलेलं. ओल प्यालेले कागद काढायचे, कोरडे घालायचे, पुन्हा आवळायचं. एक सकाळ चुकली की काडीला बुरशी धरते. अशा चारशे काड्या त्यानं सहा वर्षांत वाळवल्या होत्या. मारवेल, कुसळी, पवन्या आणि ज्यांची नावं पुस्तकात नाहीत, फक्त मेंढक्यांच्या तोंडात आहेत, अशीही कितीतरी.

"कॉलेजला जायचंय का न्हाई?" दारातून शालूबाई म्हणाली. "का ह्या गवतालाच हजेरी लावून घेताय?"

"झालंच."

"आन् आज सायबास्नी इचारा. अर्जाची मुदत सरत आली म्हणत हुता."

सत्याहत्तर सालचा डिसेंबर. वडूजच्या रस्त्यावर माळावर एक कॉलेज होतं, दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं. हरिबा तिथं वनस्पतिशास्त्र शिकवायचा. छत्तिसावं लागलेलं. बाप कोंडीबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा आणि वळवाच्या आधी परतायचा. पोरगं वसतिगृहात राहून शिकलं, एम.एस्सी. झालं, पण रानातलं गवत काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. दुष्काळात मेंढरू कुठल्या गवतावर तगतं, हे बापाला ठाऊक होतं. का तगतं, हे हरिबाला शोधायचं होतं.

आता ती वाट दिसत होती. कॉलेजच्या शिक्षकांसाठी फेलोशिप निघाली होती. तीन वर्षं पगारी रजा, कोल्हापूरला विद्यापीठात राहून पीएच.डी., मागं वर्गावर बदली शिक्षक, त्याचा पगार दिल्लीहून. परत येऊन त्याच कॉलेजात तीन वर्षं शिकवायचं, तसा करार लिहून द्यायचा. अर्ज प्राचार्यांमार्फत जायचा, आणि सोबत प्राचार्यांचं शिफारसपत्र, बंद लखोट्यात. त्याचे मार्गदर्शक होणारे डॉक्टर तीन वर्षांनी निवृत्त होणार होते. "यंदा आलात तर घेतो," त्यांनी सांगितलं होतं. "पुढच्या वर्षी मला नवा विद्यार्थी घेता येणार नाही." गवतातलं दुसरं माणूस त्या विद्यापीठात नव्हतं.

प्राचार्य लालासाहेब घाडगे ऊसवाल्या घरातले. मोठा गडी, मनानं उघडा. कॉलेजसाठी माळ मागून आणला, पत्रे मागून आणले, पोरं घरोघर फिरून गोळा केली. फक्त लिहायचं म्हटलं की त्यांच्या हाताला घाम यायचा, त्यातून इंग्रजीत. सात वर्षं कॉलेजचं प्रत्येक इंग्रजी पत्र हरिबा लिहायचा, कारकून केरबा ते टाइप करायचा आणि साहेब सही करायचे. कुणाची नोकरीची शिफारस, कुणाचा चारित्र्याचा दाखला. साहेब म्हणायचे, "गोरडसर, लिवा की चार शब्द, मी सही मारतो." त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. हरिबालाही नाही.

त्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला तेव्हा समोर रसायनशास्त्राचे आप्पासो पवार बसले होते. कुंडलचे, हुशार, बोलके.

"या," साहेब म्हणाले. "पवारसर बी अर्ज करत्यात. दोघांचाबी पाठवतो. एकाचा पाठवला तर दुसरा माझ्या नावानं शिमगा करंल." ते हसले. "पत्रं दोन्ही तुमीच लिवा."

पवार उठून गेल्यावर हरिबा तिथंच थांबला.

"सर, पवारांचं लिहितो. माझं मात्र तुम्ही लिहा."

"आवं, माझं इंग्रजी तुमाला म्हाईत न्हाई व्हय? मी लिवलं तर समिती म्हणंल, ह्यो माणूस प्राचार्य कसा झाला. लिवा बिनघोर. काय बी लिवा, मी न्हाई म्हणणार न्हाई."

"माझ्या हातानं माझंच कसं लिहू?"

"जसं दुसऱ्याचं लिवता तसं," साहेब म्हणाले आणि घंटा वाजवून केरबाला चहा सांगितला.

मोकळ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत बसून त्यानं पवारांचं पत्र एका दमात लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. प्रयोगशाळेत गॅस नाही म्हणून पवारांनी स्टोव्हवर प्रयोग बसवले होते. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावरचं पोरही जागं असायचं. सुट्टीत ते गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासत फिरायचे. पत्र दीड पान भरलं.

मग त्यानं दुसरा कागद घेतला.

'श्री. गोरड यांना मी सात वर्षे ओळखतो.' इथवर बरं गेलं. पुढं पेन अडलं. चारशे काड्यांचं लिहावं? पोरांना घेऊन तो सुट्टीत माळ पालथा घालतो, ते लिहावं? शब्द येत होते, पण ते कागदावर उतरवायचे म्हणजे बाजारात उभं राहून आपल्याच मेंढराची पाठ थोपटल्यासारखं वाटत होतं. मेंढक्यांच्यात तसं कुणी करत नाही. गिऱ्हाईक आलं तर बाप म्हणायचा, "हायती आपली, जगत्यात." मेंढरू किती अंगानं आहे, लोकर कशी आहे, ते गिऱ्हाइकानं बोलायचं. मालकानं बोललं तर कळपाला दृष्ट लागते. लहानपणी एकदा तो पाहुण्यांपुढं म्हणाला होता, आमचा एडका सगळ्यात मोठा. आईनं, बयाबाईनं, तिथंच थोबाडीत दिली. "आपल्या तोंडानं आपलं चांगभलं करू न्हाई."

त्याला वाटलं, साहेब सही करताना वाचतील. वाचलं की म्हणतील, हे काय लिहिलंय, थांबा, आणि दोन गोष्टी आपल्या तोंडानं सांगतील. त्या मग लिहिता येतील. दुसऱ्यानं बोललेलं लिहायला त्याची काही हरकत नव्हती.

त्यानं पाच ओळी लिहिल्या. सात वर्षे ओळखतो. काम नियमित. वर्तन चांगले. विषयाची आवड आहे. फेलोशिप मिळाल्यास रजा व बदली शिक्षक देण्यास कॉलेजची हरकत नाही.

केरबानं टाइप करता करता मान वर केली. "सर, ह्ये तर शिपायाच्या दाखल्यावानी झालं."

"साहेब सांगतील ते घालू मग."

साहेबांनी दोन्ही कागद पुढं ओढले, एकामागून एक सह्या मारल्या आणि शिक्का उमटवला. शाई सुकायच्या आत लखोटे बंद झाले. साहेब तोवर कुणाशी तरी विहिरीच्या मोटारीबद्दल बोलत होते. हरिबा टेबलापाशी उभा होता. एकदा त्यानं तोंड उघडलं होतं, पण साहेबांनी हातानंच सांगितलं, झालं, जावा.

फेब्रुवारीत कोल्हापूरला मुलाखत झाली. पाच जणांची समिती. गवतावर त्यांनी विचारलं तेव्हा हरिबा खुलला. एका गवताचं नाव विचारलं तर त्यानं तीन सांगितली, लॅटिन, पुस्तकी मराठी आणि मेंढक्यांचं. कडेला बसलेले त्याचे डॉक्टर मान डोलवत होते. मग अध्यक्षांनी लखोट्यातला कागद काढला.

"गोरड, तुमचं बोलणं एक सांगतं आणि हे पत्र दुसरंच. तुमच्या प्राचार्यांना तुमच्या संशोधनाबद्दल काहीच लिहावंसं वाटलं नाही?"

हरिबाची नजर त्या कागदावर गेली.

"याच प्राचार्यांनी तुमच्याच कॉलेजच्या दुसऱ्या शिक्षकाबद्दल दीड पान लिहिलंय. फार सुंदर लिहिलंय. म्हणजे त्यांना लिहिता येत नाही, असंही नाही. एका कॉलेजातून आम्हाला एकच घ्यायचा आहे. सात वर्षं जवळून बघणाऱ्या माणसाचं मत आम्ही बाजूला कसं ठेवायचं?"

ते दोन्ही मीच लिहिलंय, एवढं एक वाक्य त्याच्या जिभेवर आलं. ते बोललं असतं तर साहेबांची अब्रू गेली असती आणि पवारांचं दीड पानही गेलं असतं, जे अक्षरन् अक्षर खरं होतं. त्यानं टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं.

"त्यांना कामं फार असतात, सर."

"असतील," अध्यक्ष म्हणाले आणि कागद घडी करून ठेवला.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी त्याला गाठलं. "प्राचार्यांशी काही वाकडं आहे का तुमचं?"

"न्हाई. लय चांगला माणूस हाय," हरिबा म्हणाला. शुद्ध बोलायचं भानही त्याला राहिलं नाही.

एप्रिलात पत्र आलं. पवारांची निवड. साहेबांनी पेढे मागवले, आणि हरिबा खोलीत आला तसे उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट झालं गड्या. मला वाटलं हुतं तुमचंच हुईल. गवतात तुमच्यासारखं माणूस साऱ्या जिल्ह्यात न्हाई. पोरं सुट्टीत बी तुमच्या मागं माळानं फिरत्यात, आपल्या डोळ्यानं बघितलंय मी."

बोलायचं ते सगळं ते आता बोलत होते.

"ह्ये पत्रात पायजे हुतं, सर."

"मग लिवायचं न्हाई व्हय?"

"तुमी सही केली."

"केली की. मी कवा वाचून सही करतो?" साहेब खरंच चकित झाले होते. "तुमच्यावर इस्वास म्हणून तर वाचत न्हाई."

पेढ्याचा पुडा त्यांनी पुढं सरकवला. हरिबानं एक उचलला आणि हातात धरून उभा राहिला.

"बरं," साहेब म्हणाले, "पवारांना जूनपास्नं मोकळं करायचं. रजेचं, बदली शिक्षकाचं, सगळं पत्र झाक जमवा. विद्यापीठाचे आभार बी माना दोन ओळीत."

त्यानं ते पत्र लिहिलं. आभार चार ओळींत मानले. केरबानं टाइप केलं, साहेबांनी न वाचता सही केली.

घरी शालूबाई चुलीपाशी होती. तिनं त्याच्या हातातला पेढा बघितला. ऊन लागून तो मऊ झाला होता, कागदाला चिकटला होता.

"झालं का?"

"पवारांचं झालं."

"आन् तुमचं कुणी लिवलं न्हाई?"

"मीच लिवलं हुतं."

तिनं तवा उतरवला. मग म्हणाली, "सासूबाईंची थोबाडीत लय म्हाग पडली."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तो परसात आला. दोरी सोडली, वरची जाळी बाजूला ठेवली. आदल्या आठवड्यात ओढ्याच्या काठी मिळालेलं गवत अजून थोडं ओलं होतं. शालूबाईनं वर्तमानपत्रांचा नवा गठ्ठा आणून शेजारी ठेवला आणि ती आत गेली. त्यानं जुना कागद हळूच काढला, कोरडा घातला, काडीचा वाकलेला तुरा बोटानं सरळ केला आणि पुढची घडी उघडली.