बरोबरी झाली की वर

राजश्री मॅडम आमच्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, आणि समोर बसलेल्या त्याच माणसांना आपलं नाव पुन्हा सांगायचं. रोज पालीहून एसटीने येतात. हातात डबा आणि जर्नलांची पिशवी. मी शिवा, कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट. लॅबच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, आणि मॅडमबद्दल कोणी वाकडं बोललं तर माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मॅडम शिकवतात चांगलं. एलसीएस नावाचं एक प्रकरण आहे, त्याला पोरं टरकतात. दोन ओळी दिलेल्या असतात. दोन्हींत त्याच क्रमाने येणारी जास्तीत जास्त अक्षरं शोधायची. लागून नसली तरी चालतील, पण क्रम मोडायचा नाही. मॅडम फळ्यावर तक्ता आखतात. पहिली ओळ उभी, दुसरी आडवी, कडेला शून्यं. अक्षरं जुळली तर तिरप्या घरातल्या आकड्यात एक मिळवा. नाही जुळली तर वरचा आणि डावीकडचा यांतला मोठा आकडा उतरवा. शेवटच्या घरात लांबी मिळते.

"लांबी कळली म्हणजे झालं काय रे?" मॅडम विचारतात. "जेवायला किती जण आले ते कळलं. कोण आले ते कोण सांगणार?"

मग शेवटच्या घरातून उलटं चालायचं. अक्षरं जुळली तर ते अक्षर घ्यायचं आणि तिरपं जायचं. नाहीतर ज्या घरात मोठा आकडा तिकडे. आणि दोन्हीकडे सारखाच आकडा असला तर? मॅडम टेबलावर डस्टर आपटतात आणि अख्खा वर्ग ओरडतो, "बरोबरी झाली की वर!" हे माझंही पाठ झालंय, आणि मी बी.ए. इतिहास.

यंदा एप्रिलच्या प्रॅक्टिकलला बाहेरून विनीत सर परीक्षक म्हणून आले. वय तिशीच्या आत, इस्त्री कडक. नेमलेले परीक्षक आजारी पडले म्हणून ऐनवेळी यांना पाठवलेलं. सोबत उत्तरांचा छापील कागद होता, आणि तो ते हातातून खाली ठेवत नव्हते.

एलसीएसचा प्रश्न सगळ्यांना एकच होता. अक्षरं इंग्रजी होती, मी मराठीत लिहितो. पहिली ओळ क च ट त प. दुसरी च क ट प त. वीस पोरांनी तक्ता केला, प्रोग्राम लिहिला, उत्तर काढलं. लांबी तीन, उत्तर क ट त.

विनीत सरांच्या कागदावर होतं च ट प.

त्यांनी वीसच्या वीस उत्तरपत्रिका पाहिल्या आणि पेनाला टोपण लावलं. "मॅडम, लांबी बरोबर आहे, उत्तर चूक आहे, आणि चूक विसांचीही एकच आहे. एकाने केलं, बाकीच्यांनी उतरवलं. मला कॉपी म्हणून कळवावं लागेल. अख्ख्या बॅचची प्रॅक्टिकल रद्द होईल."

पोरं आपापल्या जागी थिजली. त्यातल्या रितेशला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरी लागलेली, निकालावर अडलेली. मला तर असा संताप आला की त्यांचा चहा मी आत नेलाच नाही.

मॅडम मात्र शांत. म्हणाल्या, "सर, पहिल्या ओळीत क, ट, त यांच्यावर बोट ठेवत या. आता दुसऱ्या ओळीत. क्रम मोडतो का?"

सरांनी बोट फिरवलं. मोडत नव्हता.

"आता तुमचं च, ट, प. तेही बसतं. शेवटच्या घरात प आणि त जुळत नाहीत, आणि वर तीन, डावीकडेही तीन. वर गेलात की त सापडतो, डावीकडे गेलात की प. क आणि च यांच्यातही तीच गत. चार उत्तरं निघतात. लांबी सगळ्यांची तीन, आणि चारही बरोबर."

सरांनी कोरा कागद ओढला. माणूस अगदीच टाकाऊ नव्हता, तक्ता त्यांनी स्वतः मांडून पाहिला. मग म्हणाले, "मान्य. उत्तर बरोबर धरतो. पण चार वाटा असताना वीस जण नेमके एकाच वाटेने कसे गेले? उलट आता तर कॉपीचा संशय वाढतो."

शंका मलाही रास्त वाटली.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शिवाभाऊ, ऑक्टोबरच्या चाचणीचा गठ्ठा काढा."

तो गठ्ठा मीच बांधलेला. त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि मॅडमनाही. मी म्हटलं, "कपाटाची किल्ली बहुतेक घरी राहिली."

"तुमच्या खिशात वाजतेय ती," मॅडम म्हणाल्या.

काढला गठ्ठा. मॅडमनी याच बॅचमधल्या मनस्वीचा पेपर ओढून सरांपुढे ठेवला. त्यातही एलसीएस होतं. मनस्वी बरोबरीला डावीकडे गेली होती. उत्तर पूर्ण बरोबर. त्यावर लाल शाईची आडवी रेघ, मॅडमच्या अक्षरात: "बरोबरी झाली की वर! वजा दोन."

"कोणी कोणाचं उतरवलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांचं उत्तर एकच आलं की दोन बॅचची चाळीस जर्नलं एका नजरेत तपासून होतात आणि मला साडेपाचची एसटी मिळते. म्हणून मी एकच वाट शिकवली आणि दुसरीचे गुण कापले. अकरा वर्षं."

"हे लेखी द्यावं लागेल," सर म्हणाले, जरा हळूच.

मॅडम लिहायला बसल्या. मी वाकून कानात सांगितलं, "मॅडम, पोरं निर्दोष आहेत एवढंच लिवा ना. हे कापाकापीचं कशाला? जूनमध्ये हाच कागद मुलाखतीला पुढ्यात येईल."

"ते काढलं तर पोरं निर्दोष कशावरून?" त्या म्हणाल्या आणि सही केली.

सरांनी त्या कागदाला मनस्वीचा पेपर टाचला आणि विसांचे गुण भरले. प्रॅक्टिकल सुटली. रितेशने बाहेर जाऊन अशी आरोळी ठोकली की शिपाई धावत आला. मी सरांना चहा दिला, गार झालेला.

पोरं पांगली. मनस्वी तेवढी उभी होती. ऑक्टोबरच्या चाचणीत तिला चौदा पडलेले. पास व्हायला सोळा लागतात. तो विषय तिला पुन्हा द्यायचा होता.

मॅडम उठून तिच्यासमोर गेल्या. "तुझं बरोबर होतं गो. चूक माझी. आजच विद्यापीठाला पत्र लिहिते, दोन गुण मागते. मिळतील की नाही, सांगता येत नाही."

मनस्वीने मान हलवली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला तेव्हा वाटलं होतं मॅडम, की डावीकडूनही येतं," ती म्हणाली. "घरी चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा आलं. पण तुम्ही कापलेत, म्हणजे मलाच काहीतरी कळत नसणार, असं वाटलं. आज मीपण वरच गेले."