शेवटचे युनिट माझेच

लालबागच्या आमच्या खोलीत मीटर एक आणि शहाणे पाच. मी लग्न होऊन आले, शिवणाची मोटारची मशीन आणली, वर इस्त्री. त्या महिन्यात बिल एकदम फुगलं. जाऊबाई बिल पंख्यासारखं हलवत म्हणाल्या, "पूर्वी कधी असं येत होतं का?" सासूबाईंनी तर कपाळच बडवलं. "ह्या मशिनीन घर खाल्ल्यान गो आमचा!"

सासरे संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्लेले. सगळ्या चाळीला तो किस्सा पाठ. पण या लढाईत ते पेपरात तोंड खुपसून बसले.

मशीन बंद कर, असं फर्मान निघालं. माझी तीच एक कमाई होती, तिच्यावाचून प्रत्येक ब्लाउजपीससाठी नवऱ्याकडे हात पसरायचा. मी बिल घेऊन सरळ बिलाच्या खिडकीवर गेले. आतल्या बाईंनी समजावलं. पहिले शंभर युनिट स्वस्त, त्यापुढच्या प्रत्येक युनिटला दुपटीहून जास्त दर. मागचे शंभर काही महाग होत नाहीत. पण रेषा ओलांडली की महिन्याचा स्थिर आकारही वरचा लागतो आणि या सगळ्यावर सरकारचा कर. "तुमचं घर आधीच पंच्याण्णवला टेकलेलं होतं हो," त्या म्हणाल्या. "त्यावर पस्तीस चढले. त्यातले तीस महागात पडले."

घरी येऊन मी तेच सांगितलं. फ्रिज जाऊबाईंचा, टीव्ही दिरांचा, पंखे सगळ्यांचे. युनिटवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का? "अगं, पण तुझे शेवटी आले ना," जाऊबाई म्हणाल्या. म्हणजे स्वस्त शंभर यांनी आधीच वाटून घेतलेले, आणि महागडी शेपूट सुनेच्या पदरात! काय तो न्याय, वा!

मी मोटार काढली. पायाने मशीन मारली, कोळशाच्या इस्त्रीने हात भाजून घेतले. बिल पुन्हा शंभराच्या आत. सासूबाईंना कोण आनंद! माझ्या पोटऱ्या मात्र दुखून दुखून दगड झाल्या होत्या, त्याची चौकशी कुणी केली नाही.

मग उन्हाळ्यात दिरांनी खोलीला एसी लावला. पुढचं बिल आलं, या वेळी ते कुणी पंख्यासारखं हलवलं नाही. शंभर कुठल्या कुठे मागे राहिले होते. मी हातातलं शिवण न ठेवता विचारलं, "आता शेवटचे युनिट कुणाचे, जाऊबाई?"

"असं कसं बोलतेस?" त्या म्हणाल्या. "लाइटबिल काय एकट्याचं असतं? घराचं असतं ते."

दिरांनी मान डोलावली. सासूबाई एसीखाली पाय पसरून पडल्या होत्या, त्यांनीही हुंकार भरला. मी उठले, माळ्यावरून मोटार काढली, मशीनला बसवली आणि त्या तिघांच्या देखत बटण दाबलं.