आवक क्रमांक २१२

सुन्यानी शहरातल्या शिक्षण कार्यालयासमोर बसणारे टंकलेखक ओपुनी तीस वर्षं लोकांचा राग सभ्य भाषेत टंकत आले आहेत. परवा शिक्षिका अड्वोआबाई आल्या. आजारी आईच्या गावच्या शाळेत बदली मागून आठवडा झाला, उत्तर नव्हतं.

"लिहा मामा, 'साहेब, झोपलात काय?'"

ओपुनींनी टंकलं, 'चार तारखेच्या माझ्या अर्जास, आवक क्रमांक २१२, आणखी एखादा कागद लागणार असल्यास कृपया कळवावे.'

"ह्यात माझा राग कुठाय?"

"आवक क्रमांकात. अर्ज मिळालाच नाही, असं आता म्हणता येणार नाही त्यांना."

बाईंनी पत्र आत दिलं. कारकुनाने फाइल काढली आणि शांतपणे सांगितलं, मुख्याध्यापकांची शिफारस जोडलेली नाही. त्याला हे आठवडाभर ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

बाईंनी बाहेर येऊन हे सांगितलं. "मुख्याध्यापकांना काय लिहू?" ओपुनींनी कागद चढवला.

"राहू द्या, मामा. त्यांना तोंडीच सांगते."