नलगे

वडील गेले तेव्हा मी मराठी चौथीत होतो. गावात आमची जमीन नव्हती आणि भावकीत आमच्यासाठी जागा नव्हती. आई मला घेऊन कोल्हापुरात आली. पहिली तीन वर्षं आम्ही पाच ठिकाणी राहिलो. आई मिरची कांडायची, हा तिचा धंदा. आणि मिरची कांडणाऱ्या बाईला कुणी घर देत नाही. ठसका घरभर जातो, भिंती हादरतात, उखळाचा दणका वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाच्या छातीत बसतो. प्रत्येक मालक पहिल्या उन्हाळ्यातच म्हणायचा, "बाई, दुसरीकडं बघा."

सहावी जागा मंगळवार पेठेतली. रस्त्याच्या अंगाला एक लांबट खोली, मागं दार, दाराबाहेर परस. खोलीच्या जमिनीत दगडी उखळ पुरलेलं होतं. पूर्वी कुणी पोह्याचा धंदा करायचं म्हणे. आईनं खोली बघितली नाही, उखळ बघितलं. मालक दरबारातून पेन्शनीत निघालेले कारकून होते, वरच्या मजल्यावर राहायचे. "मिरची कांडते मी," असं आईनं आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "कांडा की. आमच्या घरात कुणाला दमा नाही."

त्या उखळावर माझं हायस्कूल झालं आणि कॉलेजची तीन वर्षंही झाली. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. होळी झाली होती. परीक्षेला पाच आठवडे उरले होते आणि आईचा हंगाम तोंडावर होता. एका शुक्रवारी सकाळी मी आंघोळ करून आलो तर आईच्या हातात घडी केलेला कागद.

"मालकांनी दिलाय. जीपगाडीची घाई झालती त्यांची. निपाणीला लेकीकडं निघालेत, सोमवारी येणार. म्हणाले, पोराकडनं वाचून घ्या, सगळं लिहिलंय."

कागद मोडीत होता. मालकांचं सारं आयुष्य दरबारी कागदांत गेलेलं. महत्त्वाची गोष्ट तोंडी सांगायची नाही, लिहून द्यायची आणि मोडीत लिहायची, ही त्यांची सवय. मला मोडी येते असा माझा समज होता. मराठी शाळेत दोन वर्षं कित्ता गिरवला होता. शेजारणी जुनी कागदपत्रं दाखवायला आणायच्या तेव्हा आई मोठ्यानं सांगायची, "आमचा कालेजात हाय. मोडी सुद्दा वाचतोय." मग मीही चार अक्षरं लावून, चार अंदाजानं भरून वाचून दाखवायचो.

मोडीत शब्द सुटे नसतात. ओळ सुरू झाली की हात न उचलता शेवटापर्यंत. मी उभ्याउभ्याच वाचायला लागलो. 'नळाचे कामी' लागलं. 'खोली रिकामी करणे' लागलं. पुढं 'नळ' दिसलं, त्याच्यापुढं 'घे'सारखं काहीतरी, मग 'तीन दिवस'. बाकीचं गिचमिड होतं.

"काय म्हणत्यात?" आईनं विचारलं.

"नळ घेणार आहेत. तीन दिवसांत खोली रिकामी करायला सांगतायत."

आई खाली बसली. मी कागद पुन्हा वाचायला हवा होता. नाही वाचला. मला वाचता येत नाही, ही शक्यताच माझ्या डोक्यात आली नाही.

आईची भीती उगीच नव्हती. नवा भाडेकायदा आला होता, भाडेकरूला सहज काढता येत नाही असं लोक म्हणायचे. पण पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला मालकानं दुरुस्ती करायची म्हणून महिनाभरासाठी बाहेर काढलं. दुरुस्ती झाली, शिंपी काही परत आत गेला नाही. तेव्हापासून 'दुरुस्ती' म्हटलं की पेठेतले भाडेकरू धास्तावायचे.

"माणूस बरा वाटला हुता," आई म्हणाली.

शनिवार-रविवार मी अभ्यास सोडून खोल्या बघत हिंडलो. शुक्रवार पेठ, रविवार पेठ, पार शाहूपुरीपर्यंत. "कांडप हाय? मग न्हाय जमायचं, पावणं," हे चार ठिकाणी ऐकलं. पाचव्या ठिकाणी खोली मिळत होती, पण उखळ ठेवायला नाही. आईनं रविवारी दोन घरची मिरची परत केली. वाळवलेल्या, देठ काढलेल्या मिरचीची पोती तिनं पुन्हा बांधून दिली तेव्हा मी तिथंच होतो. मला तिच्याकडं बघवलं नाही.

सोमवारी सकाळी दार वाजलं. मालक, आणि त्यांच्यासोबत हातात लोखंडी पट्टी नि गेरूचा खडा घेतलेला फिटर. फिटर सरळ आत आला आणि उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत जमिनीवर तांबडी रेघ ओढायला बसला.

आई उठली आणि उखळावर जाऊन उभी राहिली.

"मावशी, जरा सरका," फिटर म्हणाला.

"मी न्हाय सरकायची."

"अवो, रेघ तर मारू द्या!"

"रेघ तुझ्या घरात मार जा." मग ती मालकांकडं वळली. "मालक, आठ वर्षं झाली आमाला. कधी तुमच्या कानाला तरास दिला? काढायचंच हुतं तर तोंडानं सांगायचं हुतं. लेकाच्या परीक्षेच्या तोंडावर कागद धाडून आमाला रस्त्यावर काढताय व्हय?"

मालक गोंधळले. "रस्त्यावर? कुणाला?"

"आमाला!"

"कागदात तर मी चांगलं सविस्तर लिहिलंय, बाई. वाचला नाही का?"

"वाचला की! माझ्या लेकानं वाचलाय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "आण बघू तो कागद. वाच मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. आवाज मुद्दामच चढा लावला, कारण मला राग आला होता. "नळाचे कामी खोली रिकामी करणे—"

"पुढं."

"नळ… घे…"

"नीट बघ. 'ळ' आहे का तो?"

मी बघितलं. तो 'ल' होता. 'घे' म्हणून वाचला तो 'गे' होता.

"नलगे," मालक म्हणाले. "न-ल-गे. खोली रिकामी करणे नलगे. म्हणजे करायची गरज नाही. दरबारी कागदात हा शब्द हरघडी यायचा. हजर राहणे नलगे, जामीन देणे नलगे." मग कपाळाला हात लावून ते खाली बसले आणि हसायला लागले. "अहो, मी मुद्दाम लिहिलं होतं. म्हटलं, दुरुस्ती म्हटली की भाडेकरू घाबरतात, पहिल्याच ओळीत सांगून टाकावं!"

फिटरला सगळं कळलं नव्हतं, पण तोही हसत होता. "मग काढायचं न्हाय न्हवं? व्हा की मावशी बाजूला."

मालक मला म्हणाले, "कॉलेजात मोडी नाही वाटतं शिकवत?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण मला लागला. जन्मात पहिल्यांदा वाटलं, शिकलो नसतो तर बरं झालं असतं. मग माझ्याकडून वाचून घेण्याऐवजी आई कुणा म्हाताऱ्याकडं गेली असती आणि तिची तीन रात्रींची झोप गेली नसती. मी म्हणालो, "चुकलं माझं."

आई उखळावरून उतरली. मालकांना म्हणाली, "आता तोंडानं सांगा. कागद नको."

मग त्यांनी बैजवार सांगितलं. परसात नवा नळ घ्यायचा होता. घराला लागून असलेला बोळ शेजाऱ्याच्या मालकीचा, तो पाइप नेऊ देत नाही. म्हणून रस्त्यावरून परसात जायला वाट एकच, आमच्या खोलीतून. मंगळवारी भिंतीच्या कडेनं हातभर खोल चर खणायचा. बुधवारी पाइप टाकायचा आणि त्याच दिवशी नगरपालिकेचा माणूस रस्त्यातल्या मोठ्या नळाला जोड देणार. ती तारीख नगरपालिकेनं ठरवलेली, हलत नाही. गुरुवारी सकाळी पाणी सुटेल तेव्हा सांधे बघायचे. थेंब दिसला नाही तर चर बुजवायचा.

"बुधवारीच बुजवून टाका की," आई म्हणाली. "उघड्या चरात पाय मोडंल कुणाचा तरी."

"मावशी, पानी सुटतंय सकाळी दोन तास," फिटर म्हणाला. "पाण्याचा जोर आल्याबिगर सांधा गळतोय का न्हाय कसं कळायचं? बुजवला आणि मग गळला, तर तुमची जमीन पुन्यांदा खणू?"

"बरं, बरं. आनी आमी काय करायचं?"

"सामान पूर्वेच्या भिंतीला," मालक म्हणाले. "दुपारपर्यंत चूल पेटवायची नाही, जेवण आमच्याकडं करा. आणि एक अवघड गोष्ट सांगायची आहे. तीन दिवस उखळ बंद. दणक्यानं चराच्या कडा ढासळतात, नवे सांधे हलतात. मी याला सांगून ठेवलंय, उखळाला हात लावायचा नाही. पण तुम्हीही लावू नका."

आईचा चेहरा उतरला. "मिरची परत दिली म्या काल. ती पुन्यांदा मागून आनायची, आनी परत तीन दिस थांबा म्हनायचं? बाया दुसरीकडं जातील."

मालक म्हणाले, "आमच्या परसात पेरूखाली उखळ आहे. चरापासून लांब आहे. तिथं कांडा तीन दिवस."

"तुमच्या घरात ठसका जाईल."

"आमच्या घरात दमा नाही म्हणून मागंच सांगितलंय. आणि हे आमचे मोडीपंडित वर माझ्या टेबलावर बसू देत. खाली खणाखणीत काय अभ्यास होणार?"

आई त्याच सकाळी त्या दोन्ही घरी जाऊन मिरची परत घेऊन आली. "लेकानं कागद उलटा वाचला," असं तिनं दोन्हीकडं खरं तेच सांगितलं. पेठेत मला महिनाभर 'नलगे' म्हणून हाक मारायचे.

मंगळवारी चर झाला. बुधवारी फिटरनं पाइपच्या आट्यांवर ताग गुंडाळला, वर सफेदा लावला आणि दोन लोखंडी पाने लावून सांधे आवळले. दुपारी नगरपालिकेचा माणूस जोड देऊन गेला. गुरुवारी पाणी सुटायच्या वेळी आम्ही सगळे चराच्या काठाला बसलो. आधी पाइपातून हवा फुसफुसली, मग परसात तोटीतून गढूळ पाणी आलं, मग नितळ. उखळाजवळचा एक सांधा पाझरत होता. फिटरनं तो अर्धा आटा आवळला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि आईला म्हणाला, "बघा हात लावून." आईनं बोट फिरवलं, बोट बघितलं. "कोरडं हाय. बुजव."

जमीन ठोकून, सारवून संध्याकाळपर्यंत खोली पहिल्यासारखी झाली. मी मात्र परीक्षेपर्यंत वरच बसत होतो, मालकांनी उठ म्हटलं नाही. परीक्षा संपल्यावर सुट्टीभर रोज तासभर त्यांच्याकडून मोडी शिकलो, या वेळी खरोखर शिकलो.

जूनमध्ये निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. आणि माझी नोकरी लागून आईनं आपल्या मर्जीनं मुसळ खाली ठेवेपर्यंत, आणखी चार वर्षं, ती खोली आमच्याकडंच राहिली.